दीडशेचा रकाना

"आधी रकाने, मग बेरीज."

हे वाक्य नागोराव दिवसातून किती वेळा म्हणत, ते सुचेताने कधी मोजलं नाही. विहिरीवर राहणारा माणूस रहाटाचा आवाज मोजत नाही, तसंच ते. नवघरच्या त्या तंत्रशिक्षण केंद्रात ती कारकून म्हणून लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने ते ऐकलं. लालबाग सोडून ती नवऱ्याबरोबर भाईंदर पूर्वेला राहायला आली होती, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला. तेव्हा केंद्राच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. उन्हात पांढरे पडलेले चौकोन, एकाशेजारी एक. नागोरावांनी निकालाचं मोठं रजिस्टर तिच्यासमोर उघडलं, त्यातले चौकोन दाखवले आणि म्हणाले, "सुचेताबाई, हेही मिठागरच आहे. प्रत्येक वाफ्याचं पाणी वेगळं. सगळं एका घागरीत ओतलं की कुठला वाफा पिकला अन् कुठला नासला, हे कळायचं बंद होतं."

नागोराव मूळचे परभणीकडचे. काळेसावळे, उंच, चालताना थोडे पुढे झुकलेले. कपाळावर कायम एक आठी, जणू कुणी तिथे पेन्सिलीने ओळ आखून ठेवली आहे. त्यांच्या गावातून मॅट्रिकला बसलेला हा पहिला पोरगा. निकाल लागला तेव्हा एकूण गुण पास होण्याइतके होते, त्याहून थोडे जास्तच. पण इंग्रजीत एकतीस. पस्तीस लागायचे. गावातल्या मास्तरांनी आधी फक्त बेरीज बघितली आणि वस्तीत सांगून टाकलं की नागो पास झाला. आईने गूळ वाटला. दोन दिवसांनी कागद नीट वाचला गेला.

"वाटलेला गूळ परत मागता येत नाही," एवढंच ते सांगत. पुढचं सांगत नसत. पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली झाली, मग मुंबई, मग भाईंदर. केंद्रात शिपाई म्हणून आले, रात्रशाळेत इंग्रजीचा तो रकाना भरून काढला आणि कारकून झाले. केंद्राचे मालक धर्माजीशेठ, नवघरचे जुने शेतकरी. स्वतः चौथी शिकलेले, पण स्वतःच्या जमिनीवर इमारत उठवून त्यांनी केंद्र काढलं होतं. ते म्हणायचे, "कागद नागोरावाच्या हातातून आला की मी डोला मिटून सही करतो. माजी म्हैस इकताना पन मी येवडा इश्वास ठेवला न्हाय."

निकाल बनवण्याची नागोरावांची रीत ठरलेली होती. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. बोलणाऱ्याने आकडा दोनदा सांगायचा, आधी सुटा, मग जोडून: "पाच-दोन, बावन्न." लेखीचा रकाना पूर्ण झाला की किमान गुणांपेक्षा कमी असेल त्याच्याखाली लाल रेघ. मग प्रात्यक्षिकाचा रकाना, तिथेही तसंच. आणि हे चालू असताना बेरजेच्या रकान्यावर पुठ्ठ्याची एक लांब पट्टी ठेवलेली. ती पट्टी जुन्या फायलीच्या पाठीतून कापलेली होती, कडा घासून घासून कापडासारख्या मऊ झाल्या होत्या.

"पट्टी कशाला काका?" सुचेताने सुरुवातीला विचारलं होतं. "बेरीज अजून केलीच नाहीये. तिथे कोरं आहे."

"कोरं असलं तरी डोळा तिकडे पळतो. मनात बेरीज होते. मोठी बेरीज दिसली की माणूस लाल रेघ मारायला कचरतो."

पंचेचाळिशीच्या माणसाची ही लहर म्हणून तिने तेव्हा सोडून दिली. नंतर तिलाही सवय लागली.

*

चौऱ्याण्णव साली वायरमनच्या अभ्यासक्रमाचं गुणांकन बदललं. आधी लेखी शंभर आणि प्रात्यक्षिक शंभर होतं. नव्या परिपत्रकात लेखी शंभरच राहिलं, प्रात्यक्षिक दीडशे झालं. लेखीत किमान चाळीस, प्रात्यक्षिकात निम्मे म्हणजे पंचाहत्तर, आणि शिवाय दोन्ही मिळून अडीचशेपैकी निम्मे, सव्वाशे. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच उत्तीर्ण.

"म्हणजे चाळीस आणि पंचाहत्तर, एकशे पंधरा. तेवढे मिळवणारा दोन्हीत पास, तरी एकूणात नापास," सुचेता म्हणाली.

"दहा गुणांची दरी आहे मध्ये," नागोराव म्हणाले. "परीक्षा मंडळाचं म्हणणं असं की, दोन्हीकडे काठावर उभा राहणारा माणूस खांबावर चढवू नये. एकीकडे तरी पाय घट्ट पाहिजे."

त्या वर्षीच्या चोवीस जणांत दोन बायका होत्या. त्यातली एक वैजयंता, नागोरावांची सून. मुलगा धम्मपाल टेम्पो चालवायचा. वैजयंता नवघरच्याच औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात जायची. तिथे कारखान्यांसाठी विजेचे पॅनेल बनत. ती तारा कापायची, टोकं सोलायची, नगावर काम. पण तिची नजर होती आतल्या टेबलावर. त्या टेबलावर तयार पॅनेलची तपासणी व्हायची. पगार महिन्याचा, बसायला खुर्ची, हातात मीटर. गाळ्याचे मालक गुजराती, पण मराठी छान बोलायचे. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "टेबल रिकामं होतंय जुलैमधी. सर्टिफिकेट आण, तुझं. तुझं नाहीतर सोनूचं. जे पास होईल ते."

सोनू हा त्याच गाळ्यातला दुसरा कामगार, तिच्याच वर्गातला. बायको आणि दोन मुलं असलेला, गरीब स्वभावाचा. तो आणि वैजयंता संध्याकाळी एकमेकांना प्रश्न विचारत वर्गाला यायची.

फेब्रुवारीत परीक्षेचे अर्ज नागोरावांच्या टेबलावर आले. त्या वेळी ते प्रात्यक्षिकाच्या गुणपत्रकांचं पाकीट तयार करत होते. एकेक अर्ज बाजूला ठेवता ठेवता वैजयंताचा अर्ज हाताला लागला. त्यांनी त्या क्षणी पेनाला टोपण लावलं. पाकीट होतं तसं बांधून कपाटात ठेवलं, एक कागद घेतला आणि धर्माजीशेठना लिहून दिलं: माझी सून परीक्षेस बसली आहे, सबब या वर्षी परीक्षेचं कोणतंही काम मी करणार नाही, कपाटाची किल्ली सौ. सुचेता यांच्याकडे दिली आहे.

धर्माजीशेठ हसले. "अरे, तू काय सुनेला पास करनार हायेस काय? तू सोताच्या बापाला पन नापास करशील."

"म्हणूनच," नागोराव म्हणाले. "ते कुणाला सांगायची पाळी नको."

त्यात थोडा ताठाही होता, हे सुचेताला दिसलं. किल्ली टेबलावर ठेवताना त्यांनी ती जराशी आपटली होती.

*

मे महिन्यात परीक्षा झाली. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक म्हणून वसईचे आत्मारामसर आले. दिवसभर कार्यशाळेत फिरले, गुणपत्रक भरून, सही करून, सील लावून गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लेखीचे गुण मंडळाकडून आले. सुचेता लिहायला बसली, टायपिस्ट मंदा बोलायला. गुणपत्रकाच्या वर लाल शाईत नागोरावांच्याच अक्षरात 'कमाल गुण १५०' लिहिलं होतं. सुचेताने तेवढं ताडून पाहिलं. शेवटच्या रकान्यातली प्रत्येकाची गुणसंख्या मंदा वाचत गेली, पंचाहत्तरच्या खाली असेल तिथे सुचेता लाल रेघ मारत गेली. रेघा फार झाल्या. चोवीसपैकी पंधरा.

"अगं बाई, लालच लाल!" मंदा म्हणाली. "परीक्षक आहे की कसाई?"

"दरवर्षी पाच-सहा नापास होतात. हे सर कडक असतील," सुचेता म्हणाली. पट्टी नागोरावांच्या खणात होती, ती मागायला तिला बरं वाटलं नाही. तिने पट्टीशिवायच काम उरकलं.

वैजयंताच्या ओळीत लेखी चव्वेचाळीस होते. प्रात्यक्षिक बावन्न, खाली लाल रेघ. एकूण शहाण्णव. अनुत्तीर्ण.

सोनूचे अठ्ठावन्न आणि छप्पन्न. एकशे चौदा. अनुत्तीर्ण.

शनिवारी दुपारी यादी गुणांसकट फळ्यावर लागली. वैजयंता आली, तिने आपली ओळ बोटाने आडवी वाचली, पदर डोक्यावर घेतला आणि गेली. सोनू तिच्या मागोमाग गेला. जिन्यात तो म्हणाला ते सुचेताने ऐकलं. "जाऊ दे वहिनी. दोघंही गेलो ना, मग टेबल कुणाचंच नाही. ऑक्टोबरला परत बसू. गाळ्याचे शेठ थांबतील, मी बोलतो त्यांच्याशी."

संध्याकाळी सगळे गेल्यावर सुचेता पर्स घेऊन निघाली तर फळ्यासमोर नागोराव उभे. त्यांच्या हातात ती पट्टी होती. त्यांनी ती फळ्यावरच्या कागदावर बेरजेच्या रकान्यावर धरली होती, शाळेतलं पोर धरतं तशी, दोन्ही हातांनी. बराच वेळ ते तसे उभे राहिले. मग त्यांनी पट्टी खाली घेतली. त्यांचे ओठ हलले. काहीतरी पुटपुटले आणि थांबले, जणू चालता चालता पायाला दगड लागला.

"काका?" ती म्हणाली. "वाईट वाटलं हो मला. पण गुण तसेच होते."

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच होता. "सुचेताबाई, या वर्षी मला परीक्षेचं बोलता येत नाही."

"माहितीये."

"तुम्ही पट्टी लावली होती का?"

"नाही. तुमच्या खणात होती म्हणून..."

त्यांनी पट्टी तिच्यापुढे धरली. "दीडशेचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. आडवा नाही, उभा. मी खाली थांबतो."

ते जिना उतरून गेले. सुचेताने पट्टी लावली आणि वाचू लागली. बावन्न, छप्पन्न, एकसष्ट, सत्तर, अठ्ठ्याहत्तर. राई गावचा बबन हा त्या वर्गातला सगळ्यात पक्का हात. राईच्या निम्म्या नव्या इमारतींची वायरिंग त्याने दुसऱ्याच्या नावावर केली होती. त्याचे ब्याण्णव. सगळ्यात जास्त तेच. ती परत वर गेली, परत खाली आली. दीडशेच्या रकान्यात एकाही माणसाला शंभराच्या वर गुण नव्हते.

ती ऑफिसात परत गेली, कपाट उघडलं, परीक्षकांचं पाकीट काढलं. वरच्या कागदाखाली विभागवार पत्रक होतं. मंदाने शेवटचा आकडा तेवढा वाचला होता, हे कुणी उघडलंच नव्हतं. चार विभाग छापलेले: जोडणी चाळीस, तपासणी तीस, दोष शोधणे वीस, तोंडी दहा. ते सायक्लोस्टाइल केलेले जुने फॉर्म होते, शंभरवाले. नव्या परिपत्रकात तेच विभाग साठ, पंचेचाळीस, तीस आणि पंधरा होते. आत्मारामसरांनी छापील मर्यादा बघून इमानाने गुण दिले होते. बबनला अडतीस, अठ्ठावीस, अठरा, आठ. देवाने स्वतः येऊन तार जोडली असती तरी त्या पत्रकावर शंभराच्या वर जाता आलं नसतं.

खाली फाटकाशी नागोराव उभे होते.

"फॉर्म जुना होता," ती धापा टाकत म्हणाली. "काका, फॉर्म जुना होता!"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "वरचा आकडा मी बदलला होता. आतले चार बदलायचे होते. तेवढ्यात अर्ज आला आणि मी हात झटकले." मग ते म्हणाले, "कोरे फॉर्म फेकवत नाहीत मला. उरलेला गठ्ठा संपवू म्हटलं."

केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. नागोराव पाकिटं उलटी करून पुन्हा वापरत, पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवत, जुन्या फॉर्मवरचे आकडे लाल शाईने बदलून चालवत. पंधरा वर्षं चाललं होतं ते.

*

सोमवारी सुचेताने ते सगळं धर्माजीशेठपुढे मांडलं. धर्माजीशेठनी पत्रक दूर धरून पाहिलं, चष्मा काढला, परत घातला.

"हे तुला कुनी दाखवलं?"

सुचेताने दाराकडे पाहिलं.

"नागोरावानं. बरोबर?" त्यांनी हाक मारली. "नागोराव, इकरं ये! फेब्रुवारीमदी लिवून दिलंस, परीक्षेचं काम करनार न्हाय. आनि सून नापास झाली की लगेच कागदात खोट दिसली? लोक काय बोलतील, हाय का ध्यानात?"

नागोराव दारात उभे राहिले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "बोलतील. खोट माझीच आहे. ती मी लिहून देतो."

"आनि सून पास होनार!"

सुचेताला वाटलं, आता नागोराव काहीतरी बोलतील. पण बोलले नाहीत.

"शेठ," मग तीच म्हणाली, "आपण कुणी गुण बदलायचे नाहीत. आत्मारामसरांना बोलवू. त्यांची सही आहे, दुरुस्तीही त्यांनीच सही करून द्यायची. मग मंडळाला पत्र. वैजयंताचं एकटीचं नाही, चोवीस जणांचं."

धर्माजीशेठ पुटपुटले, मग फोन त्यांनीच ओढला.

आत्मारामसर दुसऱ्या दिवशी आले. बुटके, घामेजलेले, शर्टाच्या खिशात चार पेनं. त्यांनी पत्रक पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, मी छापील बघितलं! साठातले म्हणून दिलेच नाहीत, चाळिसातले दिलेत. वरचं लाल मी बघितलंच नाही. बायको म्हणते तेच खरं, मला लाल दिसत नाही." मग ते गंभीर झाले. "चारही विभाग दीडपटच झालेत ना? मग प्रत्येक विभाग दीडपट. अर्धा येईल तिथे?"

"मंडळाला विचारायचं," सुचेता म्हणाली.

मंडळाचं उत्तर आठ दिवसांनी आलं. दुरुस्ती मान्य, अर्धा गुण एकूण प्रात्यक्षिकात आल्यास पुढचा पूर्ण धरावा, चुकीबद्दल केंद्राचा लेखी खुलासा जोडावा. नागोरावांचा खुलासा आधीच तयार होता. पाठकोऱ्या नाही, एका कोऱ्या करकरीत कागदावर, दोनच ओळींत. 'जुने नमुने मी वापरले व दुरुस्ती अर्धवट सोडली. दोष परीक्षकांचा अथवा निकाल लिहिणाऱ्यांचा नाही.'

त्या आठ दिवसांत नवघरात बोलायचं ते बोलून झालं होतं. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "बुड्ढा तो स्मार्ट निकला, बहू के लिए पूरा रिजल्ट घुमा दिया." नागोराव तिथेच चहा पीत होते. त्यांनी कप पुरा संपवला, धुवून ठेवला आणि आले.

*

दुसऱ्यांदा निकाल लिहिताना सुचेताने पट्टी मागून घेतली. मंदा बोलली, ती लिहीत गेली. आधी लेखीचा रकाना, तो जुनाच. मग प्रात्यक्षिकाचा. एक-तीन-आठ, एकशे अडतीस, हा बबन. आठ-चार, चौऱ्याऐंशी, हा सोनू. सात-आठ, अठ्ठ्याहत्तर, ही वैजयंता. लाल रेघा विरघळल्यासारख्या झाल्या. दोनच उरल्या.

"झालं, गं!" मंदा म्हणाली. "काकांची सून दोन्हीत पास."

सुचेताने पट्टी उचलली आणि बेरजा करायला घेतल्या. सोनू, अठ्ठावन्न आणि चौऱ्याऐंशी, एकशे बेचाळीस. उत्तीर्ण. ती खाली सरकत गेली. चव्वेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर. तिने पुन्हा केली. एकशे बावीस.

सव्वाशे लागत होते.

दोन्ही रकाने स्वच्छ होते, कुठेही लाल नव्हतं. चाळीसला चव्वेचाळीस, पंचाहत्तरला अठ्ठ्याहत्तर. आणि मधल्या त्या दहा गुणांच्या दरीत वैजयंता उभी होती, पलीकडच्या काठापासून तीन पावलांवर. सुचेताने शेरा लिहिला. अनुत्तीर्ण.

धर्माजीशेठ सही करताना त्या ओळीवर थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं, नागोराव तिथे नव्हते.

"तीन गुन," ते हळूच म्हणाले. "कृपांक बिपांक काय न्हाय काय?"

"एकूणात नाहीत, शेठ. नियमातच नाहीत."

"मंग येला हे ठाव नव्हतं? येवडं बोललो मी. बोलायचं तरी त्यानं, का शेठ, माजी सून तरीबी पास न्हाय होत."

तेव्हा सुचेताला फळ्यासमोरची ती संध्याकाळ आठवली. पट्टी खाली घेतली होती. ओठ हलले होते. बावन्नची दीडपट अठ्ठ्याहत्तर, त्यात चव्वेचाळीस. नागोरावांना अशा बेरजेला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नसे. त्यांना त्या दिवशीच माहीत होतं. आणि शेजारच्याच ओळीत सोनू होता, त्याचीही बेरीज त्यांना दिसली असणार. टेबल कुणाला जाणार, ते कळलं असणार.

ती उठली आणि भांडारखोलीत गेली. नागोराव जुन्या फॉर्मचे गठ्ठे मोजून दोरीने बांधत होते. रद्दीत द्यायला.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग शेठना का नाही सांगितलं? त्यांनी तोंडावर... सगळ्या गावाने..."

नागोरावांनी गाठ आवळली. "काय सांगायचं सुचेताबाई? माझ्या सुनेला फायदा नाही, म्हणून माझं ऐका? आणि फायदा असता, तर ऐकायचं नव्हतं का?"

बाहेर कार्यशाळेत कुणीतरी पाइपवर हातोडी मारत होतं, ती थांबली.

"घरी काय म्हणाली वैजयंता?" सुचेताने विचारलं.

"घरी मी परीक्षेचं बोलत नाही," ते म्हणाले. आणि गठ्ठा उचलून ठेवताना, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मी 'आधी रकाने' म्हणतो. 'मग बेरीज' पण म्हणतो. लोकांना पहिलंच ऐकू येतं. मलाही कधीकधी."

*

जुलैच्या एक तारखेला सोनू आतल्या टेबलावर बसला. पहिल्या दिवशी तो केंद्रात पेढे घेऊन आला, सगळ्यांना दिले. नागोरावांसमोर मात्र त्याचा हात अडखळला. "काका, मी गाळ्याच्या शेठला म्हटलं होतं, थांबा म्हणून. ऑर्डर आहे म्हणाले."

नागोरावांनी पेढा घेतला, तोंडात टाकला. "गोड आहे," म्हणाले. "मीटर धरताना हात कोरडे ठेव."

चार दिवसांनी, दुपारची सुट्टी होती तेव्हा, वैजयंता केंद्रात आली. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरायला. नागोरावांनी तिला जिन्यावर पाहिलं आणि आपली पिशवी उचलली. परीक्षेचं काम कायमचं सोडत असल्याचं पत्र त्यांनी त्या सकाळीच धर्माजीशेठच्या टेबलावर ठेवलं होतं. धर्माजीशेठनी ते वाचलं, खणात सरकवलं आणि 'बघू' म्हणाले होते. नागोरावांनी उरलेल्या दिवसाची रजा टाकली. सुनेचा अर्ज भरला जात असताना त्या खोलीत थांबायचं नाही, एवढंच कारण त्यांनी मंदाला सांगितलं. जाताना टेबलावरची पट्टी त्यांनी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. सुचेताने त्याआधीच एका फायलीची पाठ कापून आपल्यासाठी एक केली होती. तिच्या कडा अजून टोचत होत्या.

"जयभीम," ते दारात वैजयंताला म्हणाले.

"जयभीम मामा," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

ती खुर्चीत बसली. बोटांची टोकं तारा सोलून सोलून काळी पडली होती. सुचेताने अर्ज पुढे केला. "फक्त एकूणात राहिलीस, म्हणून दोन्ही द्यावे लागत नाहीत. एक निवडायचं. लेखी घेतलीस तर सत्तेचाळीस पाहिजेत. प्रात्यक्षिक घेतलंस तर एक्क्याऐंशी."

"कमी कुठलं?"

"तीनच दोन्हीकडे."

वैजयंताने पेनाचं टोपण दातांत धरलं. "शंभरातले तीन आणि दीडशेतले तीन सारखे नसतात. दीडशेतले हलके." ती जराशी हसली. "मामांनी नाही सांगितलं. मीच गाळ्यात बसून बघितलं. तारेची टोकं मोजता मोजता."

"मग?"

"प्रात्यक्षिक. सोनू म्हणालाय, जेवायच्या सुट्टीत टेबल देतो, मीटर देतो. दोष शोधण्यात मी नऊ घेतले होते, वीसपैकी. तिथेच वाढतील."

तिने अर्जावर खूण केली, सही केली, तारीख घातली. मग खिडकीकडे वळली. सुचेताही उठून उभी राहिली.

खाली नवघरच्या रस्त्यावरून नागोराव जात होते. पुढे झुकलेले, काखेत पिशवी, एक हात खिशावर, जिथे पट्टी होती. जुन्या तळ्याच्या कडेने गेले, नव्या इमारतीच्या वाळूच्या ढिगाला वळसा घातला, एका म्हशीला वाट दिली. मागे वळून पाहिलं नाही. वैजयंता खिडकीच्या गजाला काळी बोटं लावून बघत होती, आणि सुचेता तिच्या खांद्यामागून. वळणावर ते दिसेनासे झाले, तरी दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.